"नंबर टाका, मालकाचं नाव बघा" म्हणणाऱ्या साईट्स: पैसे भरायच्या आधी कशा तपासायच्या

मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या उभ्या स्कूटरला कोणीतरी कार घासून गेलं, वॉचमनने नंबर लिहून ठेवला होता तेवढं बरं. संध्याकाळी काका मोबाईल घेऊन दारात हजर. "अरे हे बघ, नुसता गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव, पत्ता, फोन सगळं देतायत, ४९ रुपये मागतायत, भरू का?" स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत होती, मग "रेकॉर्ड सापडलं" असं आलं आणि नावाच्या जागी धूसर केलेली अक्षरं, त्यावर कुलपाचं चित्र. मी म्हटलं काका, पाच मिनिटं थांबा, आधी हिला एक खोटा नंबर खायला घालू.

आम्ही टाकला MH 99 AB 0000. आता ही गाडी असूच शकत नाही. महाराष्ट्रात आरटीओचा ९९ नंबर नाही, आणि गाड्यांचे शेवटचे चार आकडे 0001 पासून सुरू होतात, 0000 कोणाला मिळतच नाही. तरी तीच हिरवी पट्टी, तेच "रेकॉर्ड सापडलं", तेच कुलूप, आणि गंमत म्हणजे धूसर अक्षरांचा आकारसुद्धा तोच, पहिला शब्द लांब, दुसरा आखूड. काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

कुठलीही असली साईट असो, गाडीची किंवा मोबाईलची, माझी पहिली पायरी हीच असते. जे अस्तित्वातच नाही ते विचारायचं. मोबाईलसाठी 1234567890 टाकून बघा, भारतातला मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो त्यामुळे हा कोणाचाच नाही. साईटने त्यावरही नाव "सापडलं" म्हटलं तर तिथेच टॅब बंद करायचा, पुढची एकही पायरी करायची गरज नाही. पण उलट बाजू नीट समजून घ्या, "हा नंबर चुकीचा आहे" असा मेसेज आला म्हणजे साईट खरी असं अजिबात नाही. पहिला आकडा तपासणं हे फॉर्ममधलं एका ओळीचं काम आहे, त्यासाठी कुठलाही डेटाबेस लागत नाही. म्हणजे या टेस्टमध्ये नापास झालेली साईट नक्की खोटी, पास झालेलीचं अजून काहीच कळलेलं नाही.

दुसरी पायरी मला जास्त आवडते कारण तिला काहीही माहिती लागत नाही. पान पूर्ण उघडू द्या, नंबर भरा, आणि सर्चचं बटण दाबायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना बघा. आता दाबा बटण. खरंच कुठेतरी विचारायला जाणारी साईट इथे अडकेल, एरर देईल, नुसती गोल गोल फिरत बसेल. आणि जी पट्टी इंटरनेट नसताना शंभर टक्क्यांपर्यंत जाऊन "सापडलं" म्हणते ती काहीच शोधत नव्हती, ते सगळं पानातच आधीपासून लिहून ठेवलेलं नाटक आहे. असल्या पानांमागे साधारण एवढंच असतं:

```
let p = 0;
setInterval(() => {
  if (p < 100) bar.style.width = ++p + "%";
}, 60);
```

दर ६० मिलिसेकंदांनी पट्टी एक टक्का पुढे ढकल, झालं, सहा सेकंदांत "शोध" पूर्ण. सहा सेकंद मुद्दाम ठेवतात, लगेच उत्तर आलं तर आपल्याला विश्वास बसणार नाही आणि फार वेळ लावला तर आपण निघून जाऊ. कॉम्प्युटरवर असाल तर F12 दाबून Network टॅब उघडा आणि मग सर्च करा, बटण दाबल्यावर तिथे नवीन ओळ उमटतच नसेल किंवा फक्त जाहिरातींच्या ओळी येत असतील तर तेच समजायचं.

बरं, आता ज्या साईट्स यातून पास होतात आणि खरंच काहीतरी दाखवतात त्यांचं काय. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो, ही माहिती तुझ्याकडे आली कुठून? हे कळलं की किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं.

मोबाईलपासून सुरू करू. तुम्ही सिम घेताना जो फॉर्म भरला, आधार दाखवलं, फोटो काढला, ती माहिती तुमच्या मोबाईल कंपनीकडे असते. ती कोणत्याही साईटला खुली नाही, पोलिसांनासुद्धा रीतसर कायदेशीर मागणी करून घ्यावी लागते. म्हणजे "कोणत्याही नंबरच्या मालकाचं नाव" हा दावा जिथे सुरू होतो तिथेच त्याचा मूळ दरवाजा बंद आहे. मग साईट दाखवते काय? बहुतेक वेळा कंपनीचं नाव आणि "महाराष्ट्र". आणि लोकांना वाटतं अरे वा, बरोबर आहे की! पण ही माहिती नंबरातच लपलेली असते. देशाचे टेलिकॉमसाठी २२ सर्कल पाडलेत, नंबरचे सुरुवातीचे आकडे कोणत्या कंपनीला कोणत्या सर्कलमध्ये वाटले त्याच्या याद्या नेटवर पडलेल्या आहेत, साईटवाला ती यादी उचलतो आणि तुमच्या नंबरचे पहिले चार-पाच आकडे तिच्याशी जुळवतो. त्यात सुद्धा ती यादी आता अर्धवट खोटं बोलते. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलात तरी नंबर तोच ठेवून तिथलं सर्कल घेता येतं, आणि पोर्ट केलेला नंबर यादीत जुन्याच कंपनीच्या नावावर राहतो.

म्हणून मोबाईलच्या साईटसाठी सगळ्यात चांगली टेस्ट म्हणजे पोर्ट केलेला नंबर. माझं दुसरं सिम मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीतून दुसरीत नेलं, आणि ते आहे वडिलांच्या नावावर. हा नंबर टाकला की एका झटक्यात दोन गोष्टी कळतात. साईटने जुन्या कंपनीचं नाव दाखवलं तर ती नुसती आकडे जुळवतेय. आणि तिने माझं नाव दाखवलं, वडिलांचं नाही, तर ती सिमच्या रेकॉर्डमधून नाही तर लोकांच्या फोनबुकमधून नाव काढतेय. घरात असा नंबर कोणाचा तरी असतोच, पण ज्याचा आहे त्याला विचारून टाका, आणि रोजचा बँकेला जोडलेला नंबर नका टाकू, कारण असल्या साईटवर टाकलेला प्रत्येक चालू नंबर हाच त्यांचा माल असू शकतो. त्यानंतर लोनचे कॉल सुरू झाले तर नवल नाही.

फोनबुकचा प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो खोटा नाही, फक्त लोक त्याला चुकीचं नाव देतात. ट्रूकॉलरसारखी ॲप्स नावं दाखवतात ती बरीचशी लोकांनीच दिलेली असतात, कोणी स्वतःचं नाव टाकलेलं असतं, कोणी दुसऱ्याचं सुचवलेलं असतं. म्हणून तर तिथे "प्लंबर नवीन", "पिंट्याचे पप्पा" असली नावं येतात. हे नाव म्हणजे लोक या नंबरला काय म्हणतात ते, सिम कोणाच्या नावावर आहे ते नाही. शिवाय बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, पण आधीच्या माणसाचं नाव लोकांच्या फोनबुकमध्ये तसंच पडून राहतं. माझ्या वहिनीला नवीन सिम घेतल्यावर कित्येक महिने "शेठ, माल कधी पाठवताय" असे कॉल येत होते, आणि नाव शोधलं की कुठल्याशा ट्रेडर्सचं यायचं! एखादा कॉल उचलायचा की नाही हे ठरवायला ही माहिती ठीक आहे, "हाच तो माणूस" म्हणून कोणाच्या दारात जायला नाही.

इथे कोणीतरी म्हणेलच की आता सरकारच कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणार आहे ना. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली, सीएनएपी म्हणतात त्याला, आणि त्यात नाव सिमच्या फॉर्मवरचंच असतं. पण ते तुम्हाला कॉल आला की तुमच्या स्क्रीनवर दिसण्यासाठी आहे, तो कोणाचाही नंबर टाकून शोधायचा सर्च बॉक्स नाही. "आमच्याकडे सीएनएपी डेटा आहे" म्हणणारी साईट दिसली तर ओळखून जा.

आणि "लाईव्ह लोकेशन"? नकाशावर पिन दिसते ना, ती झूम करून बघा. ती सर्कलच्या किंवा शहराच्या साधारण मधोमध टोचलेली असते, शेजारचा दुसरा नंबर टाका, तीच पिन तिथेच. नुसता नंबर टाकून फोन आत्ता कुठे आहे हे सांगणारी कुठलीही खुली साईट नाही, हा दावा दिसला की बाकी टेस्ट करत बसू नका.

गाडीचं प्रकरण थोडं वेगळं आहे कारण इथे खरोखर एक सरकारी खिडकी उघडी आहे. देशभरातल्या गाड्यांची नोंद वाहन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये असते, parivahan.gov.in वर जाऊन किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आपला मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन केलं की कुठल्याही गाडीची बरीच माहिती दिसते. कोणतं आरटीओ, गाडीचा प्रकार, इंधन, रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे. मालकाचं नाव पण येतं, पण मधली अक्षरं फुल्या मारून झाकलेली, आणि पत्ता, फोन तर नाहीच. हे माप लक्षात ठेवा, सरकार स्वतः जेवढं दाखवतं त्यापेक्षा जास्त जी साईट दाखवते तिने ते जास्तीचं कुठून आणलं?

कधी कधी ते खरंच कुठूनतरी आलेलं असतं. मार्च २०१९ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा डेटा घाऊक विकायचं धोरण आणलं होतं, त्याच वर्षी संसदेत सांगितलं गेलं की ८७ खासगी कंपन्यांना डेटाबेसचा ॲक्सेस दिलाय आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळालेत. लोकांच्या खासगी माहितीचा प्रश्न आल्यावर जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं. पण एकदा बाहेर पडलेल्या माहितीच्या प्रती परत डब्यात जात नाहीत. त्यामुळे एखादी साईट पूर्ण नाव दाखवते आणि ते बरोबरही निघतं, तेव्हा ती कुठल्यातरी जुन्या प्रतीतून वाचत असण्याची शक्यता मोठी.

जुनी प्रत ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पीयूसी. स्वतःच्या गाडीचा नंबर टाका, तो तसाही रस्त्यावर सगळ्यांना दिसतो, आणि साईटवर पीयूसी आणि इन्शुरन्सच्या तारखा बघा. पीयूसी आपण दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढतो आणि ती वाहनवर लगेच चढते, म्हणजे ती घड्याळासारखी चालते. तुमची पीयूसी पुढच्या मार्चपर्यंत असेल आणि साईट तीन वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल तर साईटचं घड्याळ तीन वर्षांपूर्वी थांबलंय, आणि मालकाचं नावही तेव्हाचंच. तारखा बरोबर आल्या तर ती बहुधा सरकारी खिडकीतूनच वाचतेय, मग तीच माहिती सरकारी साईटवर फुकट असताना हिला पैसे कशाला द्यायचे.

आणि साईट जर फक्त "पुणे आरटीओ" एवढंच सांगत असेल तर ते MH 12 वरून तुम्ही पण सांगू शकता. त्यासाठी मुद्दाम बीएच सीरिजचा नंबर टाकून बघा, 22 BH ने सुरू होणारा वगैरे. २०२१ पासून हे नंबर आलेत, त्यात राज्याचं नाव नसतं, सुरुवातीचे दोन आकडे म्हणजे रजिस्ट्रेशनचं वर्ष. नुसतं पाठांतर करणाऱ्या बऱ्याच साईट्स इथे गडबडतात.

पत्ता वाचायची सवय पण लावून घ्या, तो उजवीकडून वाचायचा. `vahan.parivahan.gov.in` हा शेवटी gov.in वर संपतो म्हणून सरकारी. `parivahan.gov.in.example.com` हा मात्र example.com वाल्याचा, पुढे कितीही सरकारी अक्षरं चिकटवली तरी. अशोकस्तंभ, तिरंग्याचे रंग, "अधिकृत" असा शिक्का, हे कोणीही पाच मिनिटांत लावतं, त्याला शून्य मार्क.

आता सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेवटच्या पायरीवर, नाव बघण्यासाठी ते काय मागतात तिथे. चार पैसे मागत असतील तर यूपीआयचा पिन टाकायच्या आधी स्क्रीन वाचा, पेमेंटऐवजी ऑटोपे किंवा मॅन्डेट असं लिहिलं असेल तर तुम्ही एकदाचे ४९ भरत नसून दर महिन्याला कापून घ्यायची परवानगी देताय, आणि पुढची रक्कम वेगळी असू शकते. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणून ॲप टाकायला लावत असतील तर त्या इन्स्टॉलचं कमिशन त्यांना मिळतं, नाव तुम्हाला मिळत नाही. ब्राउझरचं नोटिफिकेशन Allow करायला सांगत असतील तर उद्यापासून फोनवर "व्हायरस सापडला" असल्या जाहिरातींचा पाऊस. एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप, डाऊनलोड करायला सांगितली तर मात्र तिथून पळा. आरटीओ चलनच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाईल्स आठवा, त्या एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि मग बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे जातात. आणि "नंबर व्हेरिफाय करा, सहा आकडी कोड टाका" म्हटलं तर तो कोड कोणाकडून आलाय ते आधी वाचा, तो व्हॉट्सॲपचा असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने तुमचं अकाउंट दुसऱ्याच्या फोनवर चालू करून देताय.

यातलं काही आधीच झालं असेल तर? ऑटोपे यूपीआय ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द होतो, नोटिफिकेशन ब्राउझरच्या साईट सेटिंगमधून काढता येतं. एपीके टाकली असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग ती काढा, आणि जमलं तर फोन रीसेटच करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, जितक्या लवकर तितकं ते पैसे मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नाहीत पण संशयास्पद कॉल येतायत तर sancharsaathi.gov.in वर चक्षू म्हणून भाग आहे तिथे नंबर टाका. त्याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पण दिसतं, नंबरांच्या मालकीबद्दल सामान्य माणसाला इतकं पक्कं सांगणारी ती एकच जागा मला माहीत आहे, आणि तीसुद्धा फक्त स्वतःबद्दल सांगते.

काकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्यांना ४९ रुपये न भरता फोटो, तारीख, वेळ, नंबर आणि वॉचमनचं नाव एका कागदावर लिहून चौकीत जायला सांगितलं. नुकसानभरपाई मागणाऱ्याला अपघातातल्या गाडीची माहिती पोलीस स्टेशन किंवा आरटीओकडून मागता येते, मोटार वाहन कायद्याचं कलम १६० त्यासाठीच आहे, तेही मी कागदाच्या खाली लिहून दिलं. हवालदाराने नंबर टाकला, मालक सापडला, फोन केला. तो म्हणाला साहेब मी ती कार दोन वर्षांपूर्वीच विकली. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते याने केलं नव्हतं आणि घेणाऱ्यानेही नावावर करून घेतली नव्हती, म्हणजे सरकारचं खरंखुरं, ताजं रेकॉर्डसुद्धा भलत्याच माणसाकडे बोट दाखवत होतं. मग त्याच्याकडून घेणाऱ्याचा नंबर निघाला, तो निघाला आमच्याच मागच्या गल्लीतला, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन त्याने स्कूटरच्या रंगाचे पैसे दिले. काका अजून म्हणतात, मी ते नाव विकत घेऊन थेट त्या पहिल्याच्या घरी जाणार होतो रे, काठी घेऊन.